आजीला बूथवर कोणाच्या गाडीतून न्यायचं?



मतदानाच्या आधीच्या रात्री वस्तीत एक निरोप हमखास येतो. "म्हातारीची काळजी करू नका, सकाळी जीप पाठवतो." निरोप आणणारा माणूस गोड बोलतो, आजीच्या गुडघ्यांची चौकशी करतो, आणि जाताना ओळखपत्र नीट काढून ठेवा असंही सांगतो. आपल्यातले बरेच कार्यकर्ते यावर हसून म्हणतात, "बसू द्या की जीपमध्ये. गाडी त्यांची, मत आपलं." या एका वाक्याशी आमचं भांडण आहे. हे वाक्य चलाखीचं वाटतं, पण ते आपलंच नुकसान करतं, आणि जीपमध्ये आजीला का बसावं लागतं हा खरा प्रश्न त्याच्या आड लपून राहतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३(५). उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी मतदारांना मतदान केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी वाहन भाड्याने घेतलं किंवा मिळवलं, तर तो भ्रष्टाचार मानला जातो. स्वतः उमेदवार, त्याचं कुटुंब आणि त्याचा प्रतिनिधी एवढीच सूट. निवडणूक याचिकेत हे सिद्ध झालं तर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. त्याशिवाय कलम १३३ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद आणि दंड आहे. हा नियम बरोबर आहे, आमचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. ज्याच्याकडे जास्त गाड्या त्याची जास्त मतं, असं होऊ नये म्हणूनच तो केला आहे.

पण हाच कायदा पुढे कलम १६० मध्ये सरकारला निवडणुकीच्या कामासाठी वाहनं ताब्यात घेण्याचा अधिकार देतो. मतदान यंत्रं, कर्मचारी आणि पोलीस पोहोचवायला गाड्या लागतात हे आम्हाला मान्य आहे. परिणाम मात्र पाहा. मतदानाच्या आदल्या दिवसापासून एसटीच्या गाड्या निवडणुकीच्या कामाला लागतात, आणि ज्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या येतात त्या गावची फेरी आधी रद्द होते. तालुक्याच्या गावातल्या काळ्या-पिवळ्या जीप काही सरकारने घेतलेल्या असतात, काही कोणीतरी आधीच 'बुक' केलेल्या असतात. म्हणजे एका कलमाने उमेदवाराची गाडी बंद केली, दुसऱ्या कलमाने सार्वजनिक गाडी काढून घेतली, आणि मधल्या रिकाम्या रस्त्यावर आजी उभी राहिली. मग पाटलाची जीप आली तर तिला उपकार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्या दिवशी पगारी सुट्टी मिळते, कलम १३५ ब प्रमाणे. ती नोकरीवाल्याला उपयोगाची. श्रावणबाळच्या पैशावर जगणाऱ्या आजीला ती सुट्टी काय कामाची? तिला रजा नको, रिक्षा हवी.

आता "गाडी त्यांची, मत आपलं" याकडे येऊ. मत गुप्त आहे, मग जीपमध्ये बसल्याने काय बिघडतं, असा हा युक्तिवाद. मत गुप्त आहे, पण बूथचा निकाल गुप्त नाही. मतमोजणी प्रत्येक यंत्राची वेगळी होते आणि नमुना २० मध्ये केंद्रनिहाय आकडे सगळ्यांना पाहायला मिळतात. अनेक बूथांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर यंत्र आयोगाने सुचवलं होतं, ते अजून वापरात आलेलं नाही. त्यामुळे ज्या बूथवर मुख्यतः आपल्याच वस्तीची नावं आहेत, तिथे पाटील दुसऱ्या दिवशी बोटावर हिशेब करतो. जीपच्या इतक्या फेऱ्या झाल्या, मतं एवढीच का पडली? हा हिशेब पुढे घरकुलाच्या यादीत निघतो, पाण्याच्या टँकरच्या रांगेत निघतो. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे मताधिकाराची बाजू मांडली. मालमत्ता आणि शिक्षणाची अट ज्यांना बाहेर ठेवत होती, त्यांच्यासाठी ती मागणी होती. तेच मत आज गाडीच्या भाड्यात फेडायचं का?

आणि इथे आमच्याच कार्यकर्त्यांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. जीप आपल्या पक्षाची असली तरी नियम तोच. आपला उमेदवार उभा आहे, संघटनेने वर्गणी काढून दोन जीप घेतल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना फुकट नेलं, आणि हे उमेदवाराला माहीत होतं, त्याची संमती होती, तर समोरच्याला याचिकेसाठी आयता मुद्दा मिळाला. निळा झेंडा लावल्याने गाडी कायद्याच्या बाहेर जात नाही. हे न समजून गाड्या फिरवणारी उत्साही पोरं प्रत्येक निवडणुकीत दिसतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही.

मग रस्ता काय? रस्ता कलमातच आहे. बंदी उमेदवार, त्याचा प्रतिनिधी आणि त्यांच्या संमतीने वागणाऱ्यांवर आहे, मतदारावर किंवा त्याच्या घरच्यांवर नाही. स्वतःच्या खर्चाने सार्वजनिक वाहनाने जाण्याला कायदा स्पष्ट परवानगी देतो. मतदारांनी सामाईक खर्चाने भाड्याने घेतलेल्या वाहनाबद्दल एक परंतुक आहे, त्यात मात्र 'यांत्रिक शक्तीवर न चालणारं' असे शब्द आहेत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बैलगाडी होती! पण हे परंतुक वाचून घाबरायचं कारण नाही. घरच्यांनी आपल्या खिशातून रिक्षा केली, त्यात उमेदवाराचा पैसाही नाही आणि संमतीही नाही, तर मुळात कलमच लागू होत नाही. आयोगाच्या सूचनांनुसार स्वतःच्या आणि कुटुंबाच्या मतदानासाठी खासगी वाहन वापरता येतं, फक्त ते मतदान केंद्राच्या २०० मीटरच्या आत नेता येत नाही. आजारी आणि दिव्यांग माणसाच्या स्वतःच्या वाहनाला त्या दिवशी सवलत असते, पण ऐन फाटकावर पोलिसाशी वाद घालण्यापेक्षा आधी बीएलओला विचारून ठेवावं.

आता एक प्रत्यक्ष घडलेला प्रसंग सांगतो, कारण नुसत्या कलमांनी आजी बूथवर पोहोचत नाही. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान, मराठवाड्यातलं एक गाव. आमच्या एका कार्यकर्त्याची आजी, वय ७८, गुडघ्याच्या उपचारासाठी तीन महिन्यांपासून तालुक्याच्या गावी मुलीकडे होती. नाव गावच्या यादीत, गाव २२ किलोमीटरवर. नाव इकडे का हलवलं नाही, असं शहाणी माणसं विचारतात. तिचं घर गावात, रेशनकार्ड गावचं, निराधार योजनेचं खातं गावच्या पोस्टात. ती पाहुणी म्हणून आली होती, राहायला नव्हे. आणि १९५० च्या कायद्याचं कलम २० हेच सांगतं की काही काळ बाहेर गेल्याने माणसाचं गावचं रहिवासीपण संपत नाही.

घरबसल्या मतदान? त्यासाठी वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ केली. किंवा किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आजी ७८ ची, गुडघे गेलेले, पण प्रमाणपत्र नाही, म्हणून दोन्हीत बसत नव्हती. ज्या घरांत ८५ च्या पुढचं माणूस आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: १२-डी नमुना निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. प्रचाराचा आवाज वस्तीत पोहोचेपर्यंत ती मुदत गेलेली असते. आणि एकदा टपाली मतदान मंजूर झालं की त्या माणसाला बूथवर मत देता येत नाही. बूथवर जाऊन रांगेत उभं राहायचं, की घरी पथक बोलवायचं, हे आजोबांनी ठरवायचं. परस्पर फॉर्म भरून टाकणारे नातू आम्ही पाहिले आहेत, ते बरं नाही.

आमच्या कार्यकर्त्याने दहा दिवस आधी electoralsearch.eci.gov.in वर आजीच्या ओळखपत्राचा क्रमांक टाकला. इथे बहुतेकांची एक समजूत चुकीची असते. ओळखपत्रावरचा क्रमांक कायम राहतो, पण त्यावरून बूथ कळत नाही. बूथ ठरतो यादीच्या भाग क्रमांकाने, आणि त्या भागात तुमचा अनुक्रमांक असतो. हे दोन्ही आकडे यादीच्या पुनरीक्षणात बदलू शकतात. ओळखपत्राच्या मागे छापलेला जुना भाग क्रमांक धरून गेलात तर चुकलात. आता तर एका केंद्रावर १५०० ऐवजी जास्तीत जास्त १२०० मतदार ठेवायचं आयोगाने ठरवलं आहे, म्हणजे जुने बूथ आणखी फुटणार. एकाच घरातल्या सासू-सुनेची नावं दोन वेगळ्या भागांत जाणं आजही नवीन नाही.

आजीचंही तेच झालं होतं. पाच वर्षांपूर्वी गावात एकच बूथ होता, आता जिल्हा परिषदेच्या त्याच शाळेत दोन झाले होते. खोली एक आणि खोली दोन, भाग वेगळे. शेजारणी जातात तिथे जायचं, हा आजीचा आजवरचा हिशेब, आणि शेजारणींची नावं दुसऱ्या भागात. कार्यकर्त्याने भाग क्रमांक, अनुक्रमांक, शाळेचं नाव आणि खोली क्रमांक एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला नाही, कागदावर लिहिला. केंद्राच्या परिसरात मोबाइल चालत नाही, आणि ज्यांचं सगळं मोबाइलमध्ये असतं ते फाटकावर अडकतात. ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांनी १९५० वर फोन करावा किंवा बीएलओच्या घरी जावं. बीएलओ मतदार माहिती चिठ्ठी वाटतो, तिच्यावर हेच आकडे असतात. पण आजी गावात नसेल तर चिठ्ठी कुलपाला देऊन कोण जाणार?

ही चिठ्ठी ओळखीचा पुरावा नव्हे. ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेली इतर कागदपत्रं लागतात: आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक वगैरे. आजीकडे ओळखपत्र होतं. सोबत पोस्टाचं पासबुकही घेतलं, कारण ओळखपत्रावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा.

मग गाडी. सकाळची साडेसातची एसटी 'येणार नाही' असं डेपोत आदल्या दिवशीच कळलं. त्या संध्याकाळी जीपचा निरोपही आला. आजीच म्हणाली, "त्याच्या जीपमधून उतरले तर उद्या त्याच्या वाड्यावरून कशी जाऊ?" नातवाने ओळखीच्या रिक्षावाल्याला गाठलं. जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून ९०० रुपये ठरले. त्याच गावची तीन माणसं तालुक्यात मजुरीला होती, तीही आली. चौघांत २२५ रुपये पडले. रिक्षावाल्याला एकच अट घातली: रिक्षावर कोणाचा झेंडा नको, स्टिकर नको, आणि वाटेत कोणाला फुकट बसवायचं नाही. भाडं प्रत्येकाने स्वतःच्या हाताने दिलं. आमचा आग्रह आहे की हे असंच करावं. २२५ रुपये मजुराच्या अर्ध्या दिवसाचे आहेत, आम्हाला ठाऊक आहे. सरकारने ते त्याला भरायला लावणं हाच आमचा आक्षेप आहे.

सकाळी साडेसहाला निघाले, पावणेआठला पोहोचले. लवकर जाण्याचं कारण सावली किंवा गर्दी एवढंच नाही. काही गडबड झाली तर ती निस्तरायला दिवस हातात राहतो. दुपारी चारला चूक कळली तर आजीला पुन्हा कोण आणणार? रिक्षा २०० मीटरच्या खुणेपाशी थांबली. तिथेच पक्षांची टेबलं असतात. टेबलावरच्या पोराने "द्या आजी, कार्ड दाखवा" म्हणून हात पुढे केला. नातवाने कार्ड दिलं नाही, नुसता कागद दाखवला. कार्ड कोणाच्या हातात द्यायचं नाही, आपल्या टेबलावरही नाही. पुढचं अंतर आजीने दोन ठिकाणी प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकत पार केलं. व्हीलचेअर केंद्रावर होती, पण आत, फाटकाशी नाही. म्हणून एकाने आधी आत जाऊन ती मागायची. वृद्धांना रांगेत न थांबवता पुढे घेण्याच्या सूचना आहेत, केंद्राध्यक्षाला किंवा दारातल्या पोलिसाला सांगितलं की पुरे. सांगावं लागतं मात्र, कोणी बोलावत नाही.

केंद्राबाहेर बीएलओचं सहाय्यता टेबल असतं, तिथे आडनावानुसार यादी असते. आत जाण्यापूर्वी कागदावरचा भाग आणि अनुक्रमांक तिथे पुन्हा ताडून घेतला. खोली दोन. शेजारणी खोली एकच्या रांगेत होत्या आणि आजीला हाका मारत होत्या. तासभर चुकीच्या रांगेत उभं राहून "तुमचं नाव इथे नाही" हे ऐकायचं, आणि गुडघे दुखतात म्हणून घरी परतायचं, अशी किती मतं जातात याची नोंद कोणत्याच नमुन्यात होत नाही.

खोलीत गेल्यावर पहिला अधिकारी नाव शोधून थांबला. नावापुढे खूण होती. आजी 'स्थलांतरित' यादीत होती. बीएलओ घरी आला तेव्हा घराला कुलूप होतं, शेजाऱ्याने "पोरीकडे गेली" म्हटलं, आणि गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी जी यादी केंद्राध्यक्षाकडे असते तिच्यात नाव चढलं. आपल्या वस्त्यांमध्ये हे फार घडतं. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पोरीच्या बाळंतपणाला गेलेला माणूस कागदावर गावातून नाहीसा होतो. एका पक्षाच्या प्रतिनिधीने लगेच "त्या इथे राहत नाहीत" म्हणून आवाज चढवला. नातू दाराशीच थांबला होता, पण त्याने आजीला वाटेत हे सांगून ठेवलं होतं: त्या यादीत नाव असणं म्हणजे मत गेलं असं नाही. मुख्य यादीत नाव आहे आणि ओळख पटते, तर मत देता येतं. फक्त ओळख बारकाईने तपासतात, घोषणापत्र घेतात आणि अंगठा घेतात. आणि प्रतिनिधीला ओळखीवर आक्षेप घ्यायचाच असेल तर नियमाप्रमाणे दोन रुपये भरून घ्यावा लागतो, नुसतं ओरडून नाही. केंद्राध्यक्षाने ओळखपत्र पाहिलं, पासबुक पाहिलं, अंगठा घेतला. प्रतिनिधीने दोन रुपये काढले नाहीत.

शाई लागली आणि आजी एकटीच पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. नातू बाहेर. यावर आमचं ठाम मत आहे. ज्यांना दिसत नाही किंवा शरीराच्या दुर्बलतेमुळे बटण दाबता येत नाही, त्यांना नियम ४९-न प्रमाणे १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. एका माणसाला दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, आणि त्याची नोंद होते. पण गुडघे दुखणं म्हणजे डोळे जाणं नव्हे. "आजीला काय कळतंय" म्हणून तिच्याऐवजी बटण दाबायला निघालेले आपलेच पोरगे पाटलापेक्षा वेगळे नाहीत. वाटेत चिन्ह कोणतं हे सांगायचं असेल तर घरी सांगा, तेही तिने विचारलं तर.

रिक्षा मिळालीच नाही, उशीर झाला, तरी एक गोष्ट सांगून ठेवा. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्या सगळ्यांना मत देता येतं. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात. सहा वाजले म्हणून फाटकातून परत फिरू नका, आधी रांगेत उभे राहा.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. ज्या मार्गांवर मतदानाच्या दिवशी एसटीची फेरी रद्द होणार, त्यांची यादी आठवडाभर आधी जाहीर करा आणि त्या मार्गावर सकाळी एक, दुपारी एक अशी गाडी ठेवा. आयोगाच्या ॲपवरून दिव्यांग मतदाराला ने-आण आणि व्हीलचेअर मागता येते, चांगलं आहे. पण ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही आणि स्मार्टफोनही नाही, तीच माणसं जीपची वाट पाहत ओट्यावर बसतात. सरकारची गाडी आली तर पाटलाची जीप आपोआप रिकामी परत जाईल.

आजी दुपारी मुलीच्या घरी परतली. त्याच आठवड्यात नातू गावच्या बीएलओकडे गेला आणि घर कुलूपबंद असलं तरी आजी गावचीच आहे हे लेखी देऊन पोच घेतली. गुडघ्याचं प्रमाणपत्र मिळालं तर दिव्यांग म्हणून नोंद करण्यासाठी नमुना ८ त्याने आणून ठेवला आहे. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला विधानसभेचीच यादी गट-गणानुसार फोडतात, बूथ पुन्हा बदलू शकतो, म्हणून जाड कागद नव्याने लिहावा लागेल.